तीन महिने म्हणजे किती दिवस? विदर्भातल्या गावातून जर्मनीला अल्पमुदतीच्या संशोधनासाठी जाताना

परदेशी प्राध्यापकाचा ई-मेल येतो, "एक मे पासून तीन महिने आमच्या प्रयोगशाळेत या," आणि गावाकडच्या संशोधकाची फाइल तिथेच पहिल्यांदा अडकते. मे महिन्याचे ३१, जूनचे ३० आणि जुलैचे ३१ दिवस धरले की होतात ९२. जर्मनीसह बहुतेक युरोपीय देशांसाठी एकच असलेल्या अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ते दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाहीत, पत्र तसंच निघतं, अर्ज तसाच भरला जातो आणि खिडकीवरचा माणूस सांगतो की हा अर्ज या प्रकारात बसतच नाही.

इथे एकच वाट शेवटपर्यंत धरली आहे: यवतमाळ जिल्ह्यातल्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात पीएच.डी. करणारी एक संशोधक, जर्मनीतल्या एका विद्यापीठाचा मृदाशास्त्र विभाग आणि ९० दिवसांच्या आतला मुक्काम. संशोधक कल्पित आहे, पण तिच्यासारख्या फाइली विदर्भातून दरवर्षी जातात. फ्रान्स, नेदरलँड्स, इटली अशा इतर शेंगेन देशांनाही हेच मूळ नियम लागू आहेत, फक्त यादीतले एक-दोन कागद बदलतात. ब्रिटन आणि अमेरिकेची व्यवस्था पूर्ण वेगळी आहे, ती इथे नाही.

आधी दिवस मोजा, मग पत्र मागा

नियम असा: कोणत्याही १८० दिवसांच्या कालावधीत शेंगेन क्षेत्रात मिळून ९० दिवस. उतरलेला दिवस धरायचा आणि परत निघालेला दिवसही धरायचा. मुंबईहून १ मेच्या रात्री विमान सुटलं आणि २ मेच्या सकाळी जर्मनीत उतरलं, तर मोजणी २ मे पासून. परतीचं विमान २६ जुलैला असेल तर मेचे ३०, जूनचे ३० आणि जुलैचे २६ मिळून ८६ दिवस झाले. चार दिवस हाताशी राहिले. विमान रद्द झालं, ताप आला, संप झाला, तर हे चार दिवस कामी येतात. म्हणून पूर्ण ९० दिवसांचा बेत करू नका.

गेल्या सहा महिन्यांत एखाद्या परिषदेसाठी युरोपात जाऊन आला असाल तर ते दिवसही याच ९० मधून वजा होतात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर प्रवेश आणि निर्गमनाची इलेक्ट्रॉनिक नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. पूर्वी पासपोर्टावरचा पुसट शिक्का वाचून दिवस मोजायचे, आता यंत्र मोजतं. एक दिवस जास्त राहिलं तरी त्याची नोंद राहते आणि पुढच्या अर्जात ती समोर येते.

काम खरंच ९० दिवसांत होण्यासारखं नसेल तर सुरुवातीलाच वेगळा रस्ता धरावा लागतो. त्याला राष्ट्रीय व्हिसा किंवा डी व्हिसा म्हणतात. संशोधकांसाठी त्यात यजमान संस्थेशी रीतसर करार करावा लागतो, त्याचं शुल्क ७५ युरो आहे आणि निकालाला आठवड्यांऐवजी महिने लागू शकतात. "आधी छोट्या व्हिसावर जाऊ, तिथे गेल्यावर वाढवून घेऊ" हा सल्ला बरेच जण देतात. तो मानू नका. अल्पमुदतीचा व्हिसा तिथे बसून वाढवता येतो तो रुग्णालयात दाखल होणं, उड्डाणं बंद पडणं अशा अगतिक कारणांसाठी. प्रयोग अपुरा राहिला हे कारण त्यात बसत नाही.

तारखा ठरवताना आपल्या कामाचाही विचार करा. ज्यांचे शेतावरचे प्रयोग चालू आहेत त्यांनी जूनमधली पेरणी आणि ऑक्टोबरपासूनची वेचणी टाळलेली बरी. मार्गदर्शकांनी ना-हरकत पत्र देताना नेमका हाच प्रश्न विचारलेला असतो.

निमंत्रणपत्र: कोण लिहितं आणि त्यात काय असावं

प्राध्यापकाचा ई-मेल हे निमंत्रणपत्र नव्हे. विद्यापीठाच्या लेटरहेडवर, तारीख घातलेलं, सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन आणि ई-मेल असलेलं पत्र लागतं. बऱ्याच जर्मन विद्यापीठांत प्राध्यापक एकटे सही करत नाहीत, पत्र आंतरराष्ट्रीय कार्यालयातून किंवा विभागाच्या प्रशासनातून निघतं आणि त्यात तीन-चार आठवडे सहज जातात. ते तुमचा बायोडाटा, पासपोर्टाची प्रत आणि कधीकधी विम्याची हमी आधी मागतात. त्यामुळे पासपोर्ट हातात नसताना पत्र मागणं म्हणजे दोन्हीकडून वाट पाहणं. पासपोर्ट नसेल तर आधी त्याचा अर्ज करा, पोलीस पडताळणी गावाच्या पत्त्यावर होईल हे धरून चाला.

पत्रात तुमचं नाव पासपोर्टावर आहे अगदी तसंच हवं. आपल्याकडे ही साधी गोष्ट साधी राहत नाही. पदवीच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, लग्न झालेल्या मुलींच्या बँक खात्यावर सासरचं आडनाव आणि पासपोर्टावर माहेरचं. नाव पासपोर्टातून बघून टाइप करून पाठवा, सोबत जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक द्या. इतर कागदांवर नाव वेगळं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा एकाच व्यक्तीची ही नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र फाइलमध्ये लावा. हे प्रतिज्ञापत्र इंग्रजीत करून घ्या.

मग कामाचं वर्णन. "संशोधन सहकार्यासाठी" एवढंच लिहिलेलं पत्र कमकुवत असतं. कापसाच्या काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब मोजण्याची कोणती पद्धत शिकणार, कोणत्या यंत्रावर काम करणार, कुणाच्या देखरेखीखाली, हे तीन-चार ओळींत आलं पाहिजे. वाचणारा व्हिसा अधिकारी मृदाशास्त्रज्ञ नसतो. त्याला एवढंच पटायला हवं की हे काम या विभागात होतं, या माणसाला त्याची गरज आहे आणि ते दिलेल्या दिवसांत आटोपतं.

याच जागी एक सावधगिरी. पत्रात "सोबत मातीचे नमुने आणतील" असं वाक्य येऊ देऊ नका, जोवर त्याची परवानगी वेगळी काढलेली नाही. भारतातून युरोपीय संघात माती नेण्यावर वनस्पती-आरोग्य नियमांनुसार बंदी आहे, संशोधनासाठी यजमान संस्थेला आधी अधिकारपत्र काढावं लागतं. पिशवीत घालून नेलेली माती विमानतळावर काढून घेतात. कधी कधी आकडेवारी नेऊन, नमुने तिथलेच वापरून काम भागतं. हे प्राध्यापकांशी आधीच बोलून घ्या.

तारखा पत्रात नेमक्या हव्यात: कामाचा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस. आपल्या उदाहरणात काम ४ मे ते २४ जुलै, प्रवास २ मे आणि २६ जुलै. पत्रात कामाच्या तारखा आणि अर्जात प्रवासाच्या तारखा असल्या तरी चालतं, मात्र पत्रातच "प्रवासासाठी आधी-नंतर दोन दिवस" असं लिहून घेतलं की प्रश्नच उरत नाही. "अंदाजे तीन महिने" किंवा "उन्हाळ्यात" हे शब्द दिसले तर पत्र नम्रपणे परत पाठवा. जर्मन कार्यालयांना दुरुस्ती मागितल्याचा राग येत नाही, दुरुस्ती न मागता अर्ज फेटाळला गेला तर मात्र त्यांचंही वेळापत्रक बिघडतं.

सगळ्यात महत्त्वाची ओळ खर्चाची. कोण काय देणार हे पत्रात वेगवेगळं लिहिलेलं हवं: खोली कोण देणार, विमानाचं तिकीट कुणाचं, जेवणखाण आणि विमा कुणाचा. काहीच देणार नसतील तर तेही स्पष्ट लिहिलेलं बरं. "आवश्यक ते सहकार्य करू" हे वाक्य बहुतेक पत्रांत असतं आणि व्हिसा अधिकाऱ्यासाठी त्याची किंमत शून्य असते. यजमान संस्था खर्च उचलत असेल आणि जर्मन निवास कायद्याच्या कलम ६६ ते ६८ चा उल्लेख करून तसं लिहून देत असेल, तर ते कायद्याने बांधणारं वचन होतं. सगळ्या विद्यापीठांना तसं लिहून देता येत नाही, पण विचारायला हरकत नाही. यासोबत एक ओळ अशीही घालून घ्या की संशोधक पाहुणी म्हणून येत आहे, तिला नोकरीचा करार किंवा पगार दिला जाणार नाही. पगाराचा उल्लेख आला की अर्ज नोकरीच्या दिशेने वळतो.

व्हिसा शुल्क माफ होऊ शकतं

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांसाठी ९० युरो आहे. पण युरोपीय व्हिसा संहितेच्या कलम १६ मध्ये संशोधनासाठी किंवा वैज्ञानिक परिषदेसाठी जाणाऱ्या संशोधकांना शुल्कमाफी आहे. संशोधक म्हणजे पीएच.डी. झालेलाच असं नाही. ज्याच्याकडे पीएच.डी.ला प्रवेश मिळण्याइतकी पदवी आहे आणि ज्याला संशोधन संस्थेने निवडलं आहे, तोही त्यात येतो. म्हणून निमंत्रणपत्रात "संशोधन करण्यासाठी निवड केली आहे" असे शब्द असू द्या आणि एम.एस्सी.ची गुणपत्रिका व पीएच.डी. नोंदणीचं पत्र सोबत लावा. अर्ज भरताना खिडकीवर स्वतःहून सांगा, कारण कुणी आपणहून माफी देत नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीचं सेवाशुल्क मात्र वेगळं असतं आणि ते भरावंच लागतं.

पैशांचा पुरावा: विदर्भातल्या फाइली इथे अडकतात

व्हिसा अधिकारी दोन प्रश्न विचारतो. मुक्कामाला पुरतील एवढे पैसे आहेत का? आणि ते पैसे खरंच तुमचे आहेत का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपली माणसं देतात, दुसऱ्याचं देत नाहीत. किती पैसे पुरेसे, हे मुक्कामाची लांबी, उद्देश आणि घर-जेवण कोण देतं यावर ठरतं. तेव्हा आधी एका पानावर खर्चाचा हिशेब मांडा आणि मग प्रत्येक आकड्यासमोर पैसा कुठून येणार ते लिहा.

आपल्या संशोधकाचा हिशेब असा. सोयीसाठी एक युरो म्हणजे १०५ रुपये धरला आहे, तुम्ही अर्जाच्या आठवड्यातला दर घ्या. जेवण आणि किरकोळ खर्च रोजचा १५ युरो, ८६ दिवसांचे १,२९० युरो. शहरातला प्रवास आणि फोन महिन्याला ७० युरो, तीन महिन्यांचे २१०. एकूण १,५०० युरो, म्हणजे १,५७,५०० रुपये. विमानाचं जाणं-येणं ६५,००० धरलं, विमा ६,०००, मुंबईच्या फेऱ्या आणि सेवाशुल्क १०,०००. सगळे मिळून २,३८,५०० रुपये. विद्यापीठाच्या अतिथिगृहाची खोली महिना ४०० युरोची आहे, ती यजमान देणार आणि तसं पत्रात लिहिलं आहे. पत्रात ती ओळ नसती तर याच हिशेबात आणखी १,२६,००० रुपये आले असते आणि तेही दाखवावे लागले असते. पत्रातल्या एका ओळीची किंमत सव्वा लाख, ती अशी.

आता पैसे. तिला वरिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती महिना ४२,००० रुपये आहे. पण फेलोशिप दर महिन्याला नेमाने खात्यात येईलच असं नसतं, हे महाज्योती, बार्टी, सारथी किंवा यूजीसी अशा कुठल्याही फेलोशिपवर काम करणाऱ्यांना माहीत आहे. तिच्या खात्यात १४ जानेवारीपर्यंत ११,००० रुपये होते. १५ जानेवारीला सहा महिन्यांचे २,५२,००० रुपये एकदम जमा झाले. २० जानेवारीला बाबांनी कापूस विकून आलेले दीड लाख रुपये रोख आणून तिच्या खात्यात भरले. फेब्रुवारीत अर्ज करताना शिल्लक चार लाखांच्या वर. तिला वाटलं, काम झालं.

अर्जासोबत गेल्या तीन महिन्यांचं बँक विवरण जातं. अधिकाऱ्याला त्यात दिसतं की नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये खातं जवळपास रिकामं होतं आणि अर्जाच्या तोंडावर चार लाख आले. व्हिसासाठी उसने पैसे भरून दाखवायचे आणि नंतर काढून घ्यायचे, हा प्रकार त्यांनी शेकडो वेळा पाहिलेला असतो. तिचे पैसे अगदी सरळ मार्गाने आलेले होते, तरी कागदावर ते तसेच दिसतात.

यातली २,५२,००० ची नोंद वाचवता येते. फेलोशिप देणाऱ्या संस्थेचं मंजुरीपत्र, कोणत्या महिन्यांची रक्कम सोडली हे सांगणारं पत्र किंवा विद्यापीठाच्या लेखा विभागाचा दाखला घ्या. बँक विवरणावर त्या नोंदीला पेन्सिलने खूण करून त्या कागदाचा क्रमांक लिहा. फेलोशिप मुक्कामाच्या काळातही चालू राहील, असं संशोधन केंद्राचं पत्र असेल तर मे ते जुलैचे १,२६,००० रुपयेही हिशेबात दाखवता येतात.

दीड लाखांची रोख नोंद मात्र टाळायलाच हवी होती. घरच्यांचे पैसे दाखवायचे असतील तर ते घरच्यांच्याच खात्यात राहू द्या. वडिलांनी इंग्रजीत एक पानाचं पत्र द्यावं की मुलीच्या मुक्कामासाठी गरज पडल्यास दीड लाखापर्यंतचा खर्च मी करीन. त्याला त्यांच्या खात्याचं तीन महिन्यांचं, जमलं तर सहा महिन्यांचं विवरण जोडावं आणि नातं दाखवायला जन्म प्रमाणपत्र. कापूस भारतीय कापूस महामंडळाला दिला असेल तर चुकारा थेट खात्यात येतो, तेच उत्तम. खासगी जिनिंगला किंवा बाजार समितीत माल घातला असेल तर काटापट्टी आणि अडत्याची हिशेबपट्टी जपून ठेवा, कारण खात्यातली रक्कम आणि पट्टीवरची रक्कम जुळली की पैसा कुठून आला हे वेगळं सांगावं लागत नाही. व्यापाऱ्याकडून रोख घेण्याऐवजी खात्यात मागा. ज्या वर्षी मुलगा-मुलगी परदेशी जाणार आहे, त्या वर्षी तरी हे एवढं करा.

शेती उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे बहुतेक शेतकरी विवरणपत्र भरत नाहीत. व्हिसाच्या यादीत आयकर विवरणपत्र मागितलेलं असतं आणि तिथे घरची मंडळी घाबरतात. खोटं विवरणपत्र तयार करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्याऐवजी सातबारा, आठ-अ, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि "उत्पन्न शेतीचं असून ते करमुक्त आहे, म्हणून विवरणपत्र भरलेलं नाही" असं एक वाक्य सोबतच्या पत्रात लिहा. सातबारा मराठीत असतो, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. हेक्टर-आर तसेच ठेवले तरी चालतात, पण गावाचं नाव आणि धारकाचं नाव पासपोर्टातल्या स्पेलिंगशी जुळवा.

पैशांचा पुरावा म्हणून जे चालत नाही तेही माहीत असलेलं बरं. पीककर्जाच्या खात्यातली उचल म्हणजे कर्ज आहे, शिल्लक नाही. किसान क्रेडिट कार्डची मर्यादा दाखवली तर उलट प्रश्न येतो की कर्ज फेडणार कोण. सोनं, बैलजोडी, ट्रॅक्टर, जमिनीची बाजारभावाने किंमत यांतलं काहीच तिथे खर्चाला वापरता येत नाही, म्हणून त्याला पैसा धरत नाहीत. मुदतठेव चालते, पण जोड म्हणून. बचत खात्यात तिकीट आणि पहिल्या महिन्याचा खर्च निघेल एवढे तरी पैसे हवेतच. एजंट कधी कधी जर्मनीतलं ब्लॉक खातं उघडायला सांगतात. ते दीर्घ मुक्कामाच्या विद्यार्थ्यांसाठी असतं, ८६ दिवसांच्या पाहुण्या संशोधकाला त्याची गरज नाही.

आणखी एक अडचण बँकेच्या कागदाची. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या गावातल्या शाखेत पासबुकावर हाताने नोंदी केलेल्या असतात, किंवा विवरण छापून मिळतं पण त्यावर बँकेचं पूर्ण नाव, शाखेचा पत्ता, खातेदाराचा पत्ता यांतलं काहीतरी सुटलेलं असतं. पासबुकाची झेरॉक्स देऊ नका. शाखा व्यवस्थापकाकडून छापील विवरण घ्या, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही, शिवाय इंग्रजीत शिल्लक दाखला. राष्ट्रीयीकृत बँकेत तुमचं खातं असेल तर फेलोशिप तिथेच घ्या, फाइल सोपी होते.

परत येणार हे कशावरून

पैशाएवढाच हा प्रश्न तपासला जातो. फेटाळलेल्या अर्जांवर छापील कारणांच्या यादीत "मुदतीत परत जाण्याच्या इराद्याबद्दल शंका" असं एक कारण असतं आणि त्यासमोर खूण केलेली असते. संशोधकाकडे याचं चांगलं उत्तर असतं, फक्त ते कागदावर येत नाही. ना-हरकत पत्रात प्राचार्य नुसतं "हरकत नाही" असं लिहून देतात. त्यात असं हवं: कोणत्या वर्षी पीएच.डी.ची नोंदणी झाली, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत परवानगी आहे, त्या काळात फेलोशिप चालू राहते का, परत आल्यावर कोणत्या तारखेला हजर व्हायचं आहे आणि प्रबंध किंवा प्रगती अहवाल केव्हा सादर करायचा आहे. नोकरीत असलेल्या सहायक प्राध्यापकांनी रजा मंजुरीचा आदेश आणि तीन महिन्यांच्या पगारपत्रिका जोडाव्यात. संस्थाचालक, प्राचार्य, विद्यापीठ अशा सह्या गोळा करायला महिना लागतो, परीक्षा किंवा मूल्यांकन समितीची भेट मध्ये आली तर जास्त.

अर्ज, मुंबईची फेरी आणि वेळापत्रक

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी तो गेलाच पाहिजे. निकाल साधारण १५ दिवसांत येतो, चौकशी निघाली तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतो. २ मेच्या प्रवासासाठी २ नोव्हेंबरपासून दार उघडं आहे. शेवटची तारीख १७ एप्रिल असली तरी त्या तारखेवर जाऊ नका, कारण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीची वेळच मिळत नाही. चांगला क्रम असा: ऑक्टोबरमध्ये यजमानांशी तारखा पक्क्या करा, डिसेंबरपर्यंत पत्र हातात घ्या, जानेवारीत ना-हरकत आणि बँकेचे कागद, फेब्रुवारीत भेट.

जर्मनीचा अर्ज `videx.diplo.de` वर भरून छापता येतो. खर्च कोण करणार या प्रश्नाला "स्वतः" आणि "यजमान" असे दोन्ही पर्याय निवडता येतात, आपल्या उदाहरणात दोन्ही निवडायचे, कारण खोली यजमानांची आणि बाकी तिचं. इथे फक्त "स्वतः" निवडलं आणि पत्रात खोली यजमानांची असेल तर दोन कागद दोन गोष्टी सांगतात. दुसऱ्या शेंगेन देशात दोन-तीन दिवसांची परिषद असेल तरी अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे. मध्येच लंडनला जाऊन यायचं असेल तर लक्षात ठेवा की ब्रिटन शेंगेनमध्ये नाही. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर जर्मनीत परत शिरता येणार नाही. असा बेत असेल तर अनेकदा प्रवेश मागा आणि कारण लिहा.

महाराष्ट्रातल्या रहिवाशांचे जर्मन व्हिसा अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या अखत्यारीत येतात. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर ते पुन्हा वापरता येतात. सकाळची भेट असेल तर आदल्या संध्याकाळी बडनेरा किंवा वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस पकडणारे बरेच असतात, पण गाडीला उशीर झाला तर भेट हुकते. शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा. पासपोर्ट तिथेच ठेवून घेतात. परतीच्या कुरिअरसाठी गावाचा पत्ता दिला आणि कुरिअर तालुक्याच्या पुढे येत नसेल तर पासपोर्ट पडून राहतो, म्हणून आधी पिनकोडवर सेवा आहे का ते विचारा.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर, पांढरट पार्श्वभूमीचा. स्टुडिओत माप सांगून काढा, पासपोर्टासाठीचा जुना फोटो चालत नाही. विमा कमीत कमी ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आजारपणात किंवा मृत्यू झाल्यास मायदेशी आणण्याचा खर्च धरणारा आणि मुक्कामाचे सगळे दिवस झाकणारा. विमा ४ मेपासून घेतला आणि उतरणं २ मेला असेल तर अर्ज अपुरा ठरतो. तिकीट आरक्षण पुरेसं असतं, पूर्ण पैसे भरून न परतणारं तिकीट आधी काढू नका.

फाइल कशी लावायची याला एकच क्रम नाही, पण वर एक पानाचं स्वतःचं पत्र असावं: मी कोण, कुठे, किती दिवस, कोण काय देणार, आणि प्रत्येक दाव्यापुढे कागदाचा क्रमांक. आपल्या संशोधकाच्या पत्रात शेवटची ओळ अशी होती की २७ जुलैपासून मी संशोधन केंद्रात हजर होईन, ना-हरकत पत्र क्रमांक इतका पाहावा. ना-हरकतीतही तीच तारीख होती.

व्हिसा आला किंवा आला नाही तर

पासपोर्ट हातात आला की चिकटवलेला कागद तिथेच वाचा. "पासून-पर्यंत" या तारखा वेगळ्या आणि "मुक्कामाचे दिवस" हा आकडा वेगळा. वैधता १० ऑगस्टपर्यंत लिहिलेली असली आणि दिवस ८६ लिहिलेले असले, तर ८६ व्या दिवशी बाहेर पडायचं, ऑगस्टपर्यंत राहायचं नाही. नावात चूक असेल तर लगेच कळवा, विमानतळावर ती दुरुस्त होत नाही.

जाताना निमंत्रणपत्र, विमा, परतीचं तिकीट आणि पैशांच्या पुराव्याची एक-एक प्रत हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात नको. व्हिसा असला तरी सीमेवरचा अधिकारी हेच कागद पुन्हा मागू शकतो.

अर्ज फेटाळला गेला तर छापील कारण नीट वाचा. १ जुलै २०२५ पासून जर्मनीने दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करण्याची सोय बंद केली आहे. आता नवा अर्ज किंवा बर्लिनच्या न्यायालयात दावा, एवढेच मार्ग आहेत आणि अल्प मुक्कामासाठी नवा अर्जच शहाणपणाचा. मात्र तोच संच पुन्हा देऊन उपयोग नाही. पैशांबद्दल खूण असेल तर नवं विवरण आणि स्रोताचे कागद, उद्देशाबद्दल असेल तर यजमानांकडून नव्याने लिहिलेलं पत्र, परतण्याबद्दल असेल तर भरीव ना-हरकत. आधीचा नकार लपवू नका, तो त्यांच्या यंत्रणेत आहेच. यजमानांना त्याच दिवशी कळवा, कारण तारखा पुढे सरकल्या तर पत्रही नव्या तारखांचं लागेल आणि अतिथिगृहातली खोलीही पुन्हा मागावी लागेल.